यूसीवर सही करण्याआधी ऑडिटर नेमकं काय बघतो?

(या भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे करतेय. आपल्या एका श्रोत्याला नुकतीच एका सामाजिक संस्थेत अकाउंट्सची नोकरी लागली आहे. तो म्हणतो, "ताई, कंपनीने 22 लाख दिलेत, आता यूसी मागतात. आमचे सर म्हणाले, बजेटचे आकडे टाक आणि सीएकडे सहीला पाठव. एवढंच असतं का?"

एवढंच नसतं. बजेटचे आकडे टाकून पाठवणं हा तर यातला सगळ्यात धोक्याचा प्रकार आहे. मी गेली काही वर्षं संस्थांच्या प्रकल्पांची ऑडिट करते. आज त्यातलीच एक केस सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगते. संस्थेचं आणि कंपनीचं नाव घेणार नाही, आकडे थोडे सोपे केलेत. हिशेबाची भानगड मात्र खरी, जशी घडली तशी.

आधी यूसी म्हणजे काय ते बघू. युटिलायझेशन सर्टिफिकेट, मराठीत उपयोगिता प्रमाणपत्र. ज्याने पैसे दिले त्याला लिहून द्यायचं, की तुम्ही इतके दिले, आम्ही इतके वापरले, ज्यासाठी दिले त्यासाठीच वापरले, आणि इतके शिल्लक आहेत. साधारण एका पानाचा कागद असतो. सरकारी अनुदान असेल तर त्याचा ठरलेला नमुना आहे. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांमध्ये, म्हणजे 2017 च्या जीएफआरमध्ये, तो 12-ए या नावाने आहे. आर्थिक वर्ष संपल्यावर बारा महिन्यांच्या आत तो द्यायचा असतो. कंपनी किंवा खाजगी डोनर असेल तर नमुना करारात दिलेला असतो.

हा कागद दिला नाही तर काय होतं? बिहारचं उदाहरण घ्या. कॅगच्या 2023-24 च्या अहवालात तिथे 70,877 कोटी रुपयांच्या यूसी थकलेल्या होत्या. बातम्या आल्या तेव्हा लोक सरळ म्हणाले, एवढे पैसे खाल्ले. कॅगचं म्हणणं तसं नव्हतं. पैसे ठरल्या कामालाच गेले याची खात्री देणारा कागद नाही, म्हणून गैरवापराची जोखीम आहे, असं ते म्हणणं आहे. चोरी सिद्ध होणं वेगळं आणि खर्च सिद्ध न होणं वेगळं. आपल्या आजच्या केसमध्येही कोणी एक रुपया खिशात घातलेला नाही. तरी यूसी चुकीची होती.

आता केस. सातपुड्याच्या पायथ्याचा एक तालुका. बारा गावांत संध्याकाळच्या अभ्यासिका. प्रत्येक अभ्यासिकेत गावातलीच एक ताई मुलांना शिकवते, तिला महिना 6,000 रुपये मानधन. वर्षाचा खर्च 22 लाख, एका कंपनीच्या सीएसआरमधून. प्रकल्प तीन वर्षांचा, हे दुसरं वर्ष संपत होतं. तिसऱ्या वर्षाचा हप्ता यूसी मिळाल्यावरच सुटणार होता. म्हणजे एप्रिलमध्ये यूसी अडकली, तर बारा ताईंचं मानधन अडकणार. संस्थेला घाई होती ती त्यासाठी.

कंपनीलाही घाई होती, आणि तिचं कारण फार जणांना माहीत नसतं. कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे सीएसआरचे पैसे संस्थेच्या खात्यात टाकले, म्हणजे कंपनीचा खर्च झाला असं होत नाही. संस्थेने ते प्रत्यक्ष वापरले पाहिजेत. वापरले गेले, असं कंपनीच्या सीएफओला स्वतः प्रमाणित करावं लागतं. आणि चालू प्रकल्पातले जे पैसे 31 मार्चपर्यंत वापरले गेले नाहीत, ते 30 एप्रिलच्या आत वेगळ्या ‘अनस्पेंट’ खात्यात जायला लागतात. म्हणून कंपनीने आमच्या संस्थेला 25 एप्रिलची तारीख दिली होती. संस्थेने फुगवून आकडा दिला, तर सीएफओ त्या आकड्यावर सही करतो, आणि चूक मग दोन ठिकाणी बसते.

मी गेले तेव्हा यूसीचा कच्चा खर्डा तयार होता. अकाउंटंट ताईंनी छान टाइप करून ठेवलेला. सात ओळींचं बजेट होतं. ओळी म्हणजे बजेट लाईन्स, ज्याला काही जण हेड म्हणतात. हे असं:

| बजेटची ओळ | मंजूर | खर्ड्यातला खर्च |
|---|---|---|
| ताईंचं मानधन | 8,64,000 | 7,92,000 |
| समन्वयकाचा पगार | 3,00,000 | 3,00,000 |
| प्रशिक्षण शिबिरं | 2,40,000 | 3,06,000 |
| पुस्तकं आणि साहित्य | 3,60,000 | 3,60,000 |
| प्रवास | 1,44,000 | 1,38,000 |
| टॅब | 1,92,000 | 1,87,200 |
| प्रशासकीय खर्च | 1,00,000 | 1,00,000 |
| एकूण | 22,00,000 | 21,83,200 |

ऐकणाऱ्यांनी सगळे आकडे लक्षात ठेवायची गरज नाही. एवढंच धरा: 22 लाख आले, 21,83,200 गेले, शिल्लक 16,800. बेरीज बरोबर होती. बेरीज जवळजवळ नेहमीच बरोबर असते.

आता लोकांना वाटतं ऑडिटर आला की बिलांच्या फायली उघडतो. मी आधी बँकेचं स्टेटमेंट मागते. या प्रकल्पाला स्वतंत्र खातं होतं, ही मोठी सोय. सगळी बिलं चुकती झालेली, हातातली रोकड शून्य. मग गणित सोपं आहे. आले ते वजा गेले ते, इतकी रक्कम 31 मार्चला खात्यात दिसली पाहिजे. खर्डा म्हणतो 16,800. बँक म्हणते 35,200.

पैसे जास्त निघाले की लोक खूश होतात. खरं तर पैसे कमी निघाले काय किंवा जास्त निघाले काय, दोन्हीचा अर्थ एकच, की हिशेबात काहीतरी लिहायचं राहिलंय. फरक 18,400 चा. स्टेटमेंट वर सरकवत गेले तर जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च या चार महिन्यांत व्याज जमा झालेलं. चारही रकमांची बेरीज बरोबर 18,400.

अकाउंटंट ताई म्हणाल्या, "मॅडम, ते तर बँकेने दिलं. कंपनीचं कुठे आहे?" असं खूप ठिकाणी ऐकायला मिळतं. पैसे कंपनीचे, म्हणून त्यावरचं व्याजही त्याच प्रकल्पाचं. या करारात स्पष्ट लिहिलं होतं की व्याज जमेच्या बाजूला दाखवायचं आणि ते याच कामाला वापरायचं. सरकारी अनुदान असतं तर नियम आणखी कडक आहे, तिथे व्याज भारताच्या संचित निधीत परत भरायचं असतं. म्हणजे जमा झाली 22,18,400. पहिली दुरुस्ती झाली, आणि त्यासाठी एकही बिल उघडावं लागलं नाही.

मग ओळी. इथे मी तीनच ओळींवर बराच वेळ घालवला. बाकीच्या पटकन सांगून टाकते. मानधनात 72,000 वाचले होते, कारण दोन गावांत अभ्यासिका सहा महिने उशिरा सुरू झाल्या. दोन ताई, सहा महिने, सहा हजार. हिशेब जुळला, हजेरीपत्रकं जुळली, बँकेतून थेट ताईंच्या खात्यात पैसे गेलेले. टॅब बारा घेतले, बिलावरचे सिरीयल नंबर आणि गावातल्या टॅबवरचे नंबर मिळवले. अकरा अभ्यासिकांत होते, बारावा ऑफिसच्या टेबलावर. खर्च मान्य, पण टॅब गावात पाठवा म्हणून शेरा लिहिला. प्रशासकीय एक लाख करारातच ठोक म्हणून मंजूर होते. ते ठोक नसते, तर भाडं-वीजबिलाची वाटणी कशी केली ते विचारलं असतं.

प्रवासाची बिलं मात्र एकेक बघितली, कारण खोटं बिल घुसवायला प्रवासासारखी ओळ नाही. तिथे माझी नजर बिलाच्या रकमेपेक्षा बिलाच्या नंबरावर असते. समजा एकाच गाडीवाल्याची जून, जुलै आणि ऑगस्टची बिलं आहेत आणि त्यांचे नंबर 41, 42, 43 आहेत. म्हणजे या गाडीवाल्याने तीन महिन्यांत आपल्याशिवाय कोणालाच बिल दिलं नाही? शक्य आहे, पण विचारावं लागतं. इथे नंबर विस्कळीत होते, लॉगबुकमधले किलोमीटर जुळत होते, ओळ पास झाली.

आता खरी अडचण. प्रशिक्षण. मंजूर 2,40,000, म्हणजे चार शिबिरं, प्रत्येकी 60,000. खर्च 3,06,000. पाच शिबिरं झाली होती. पाचवं कशासाठी? उशिरा सुरू झालेल्या त्या दोन गावांच्या नव्या ताईंसाठी आणि ज्यांची आधीची शिबिरं चुकली त्यांच्यासाठी. कारण अगदी योग्य. मी हजेरी बघितली, फोटो बघितले, जेवणाचं बिल हजेरीच्या आकड्याशी लावून बघितलं. शिबिर झालेलं आहे यात शंका नव्हती.

समन्वयक दादांचं म्हणणं असं, "मॅडम, मानधनात 72 हजार वाचले, त्यातले 66 हजार इकडे वापरले. एकूण 22 लाखांच्या बाहेर तर गेलो नाही ना?"

ऐकायला पटतं. पण डोनर 22 लाखांचा एक गठ्ठा मंजूर करत नाही. तो सात ओळी मंजूर करतो. एका ओळीतून दुसरीत किती सरकवता येईल, ते करारात लिहिलेलं असतं. या करारात 10 टक्के होतं. त्यापुढे आधी लेखी परवानगी. आणि हे 10 टक्के कशाचे, ते नीट वाचायचं. काही करारांत ते एकूण रकमेचे असतात. इथे त्या त्या ओळीचे होते. म्हणजे 2,40,000 चे 10 टक्के, 24,000. प्रशिक्षणाची ओळ 2,64,000 पर्यंत ताणता येत होती. वरचे 42,000 परवानगीशिवाय.

"परवानगी घेतली होती," दादा म्हणाले. "नोव्हेंबरमध्ये फोन केला होता. कंपनीच्या मॅडम म्हणाल्या, हो, करा."

मी म्हटलं, "दादा, मेल आहे का? व्हॉट्सअॅप तरी?"

नव्हतं. फोन झाला असेलही, मला तो खोटा वाटला नाही. पण फोनवरच्या ‘हो’ला मी व्हाउचर लावू शकत नाही. आणि करारातला शब्द ‘लेखी’ होता. त्या दिवशी फोन ठेवल्यावर दोन ओळींचा मेल टाकला असता, "आज बोलल्याप्रमाणे पाचवं शिबिर घेत आहोत, त्याने प्रशिक्षणाचा खर्च इतका वाढेल", आणि समोरून "ओके" आलं असतं, तर पुढचा सगळा घोळ झालाच नसता.

इथे एक पळवाट सुचवली गेली. ती सगळीकडेच सुचवली जाते म्हणून सांगते. पाचव्या शिबिराच्या बसचे 12,000 प्रवासात टाका, जेवणाचे 30,000 साहित्यात टाका. झाले 42,000 कमी, ओळ मर्यादेत. कोणाचं नुकसान नाही.

हे मी मान्य करत नाही, आणि का ते समजून घ्या. बजेटच्या ओळी म्हणजे डोनरला दिलेली माहिती आहे. शिबिराचं जेवण साहित्यात टाकलं, तर कंपनीला वाटणार की मुलांना तेवढ्याची पुस्तकं मिळाली. पुढच्या वर्षीचं बजेट करताना तेच चुकीचे आकडे पाया धरले जाणार, चार शिबिरं पुरतात असं ठरणार. शिवाय सापडायला वेळ लागत नाही. केटररच्या बिलावर तारीख असते, त्या तारखेला शिबिराची हजेरी असते, आणि पुस्तकांच्या ओळीत ‘जेवण, 40 ताटं’ असं व्हाउचर निघतं.

मग 42,000 चं काय केलं? ते खर्चातून काढले नाहीत असं दाखवता येत नव्हतं, आणि मान्य केले असंही म्हणता येत नव्हतं. यूसीत मान्य खर्च 2,64,000 धरला. खाली वेगळी नोंद केली: पाचव्या शिबिराचे 42,000 जादा, डोनरच्या लेखी मंजुरीच्या अधीन, तोपर्यंत संस्थेच्या स्वतःच्या निधीतून. कंपनीला काय ते ठरवायचा हक्क राहिला, आणि कागद खरा राहिला.

दुसरी ओळ पुस्तकांची. मंजूर 3,60,000, खर्च 3,60,000. रुपयाचा फरक नाही. असं बघितलं की मी थांबते. पगार बजेटइतका येऊ शकतो, तो ठरलेलाच असतो. पण दुकानातून घेतलेल्या पुस्तकांची, वह्यांची, रंगांची वर्षभराची बिलं बेरीज करून नेमकी बजेटइतकी येतात, हे कसं?

शेवटचं बिल उघडलं. 28 मार्चचं, 1,30,000 चं. पैसे 29 मार्चला बँकेतून गेलेले. आता मी विचारलं, माल कधी आला? चलन काढलं तर 12 एप्रिल. म्हणजे मार्च संपता संपता ओळीत किती उरलंय ते बघितलं, तेवढ्याची ऑर्डर दिली, आगाऊ पैसे भरले आणि खर्च लिहून टाकला. उरलेला पैसा परत जाईल, पुढच्या वर्षी बजेट कापतील, ही ती भीती. मार्चअखेर आपल्याकडे ही भीती सरकारी ऑफिसपासून संस्थांपर्यंत सगळ्यांना असते.

पण 31 मार्चला पुस्तकं दुकानात होती. संस्थेने दुकानदाराला फक्त पैसे देऊन ठेवले होते. हिशेबाच्या भाषेत तो खर्च नव्हे, अॅडव्हान्स. पैसे खात्यातून गेले म्हणजे वापरले गेले असं नाही. जसं कंपनीने संस्थेला दिले म्हणजे वापरले नाहीत, तसंच संस्थेने दुकानदाराला दिले म्हणजेही नाहीत.

दादा म्हणाले, "दुकानदार ओळखीचा आहे. चलनावर 30 मार्च टाकून देईल."

मी म्हटलं, "देईल. पण माल ट्रान्सपोर्टने आलाय, त्या बिल्टीवर तारीख आहे. आणि बारा ताईंनी आपापल्या साठा रजिस्टरमध्ये पुस्तकं आल्याची तारीख लिहिली आहे. बारा रजिस्टरं बदलणार का?" तेही समजूतदार माणूस, पुढे काही बोलले नाहीत. तर पुस्तकांचा खर्च 2,30,000, आणि 1,30,000 अॅडव्हान्स म्हणून वेगळे. पुस्तकं एप्रिलमध्ये पोचलेली आहेत, तेव्हा ते पुढच्या वर्षाच्या यूसीत खर्च म्हणून येतीलच. पैसे बुडत नाहीत, फक्त योग्य वर्षात दिसतात.

तिसरी ओळ मला सगळ्यात त्रासाची वाटली. समन्वयकाचा पगार. महिना 25,000, बारा महिने, तीन लाख. नेमणूकपत्र आहे, दर महिन्याला बँकेतून गेलेत, पावत्या आहेत. प्रकल्पाच्या फायलीत बघितलं तर ओळ निर्दोष.

अशा वेळी फक्त एका प्रकल्पाची फाईल बघून चालत नाही. मी संस्थेचं पूर्ण पगारपत्रक मागते आणि सगळ्या प्रकल्पांची लेजरं शेजारी ठेवते. या संस्थेचा एक दुसराही प्रकल्प होता, पोषणाचा, वेगळ्या डोनरचा. त्या प्रकल्पात दर महिन्याला 10,000 ‘समन्वयक, 40 टक्के’ म्हणून खर्च टाकलेला. तेच दादा. त्या खात्यातून 10,000 दर महिन्याला संस्थेच्या सर्वसाधारण खात्यात वळते झालेले.

म्हणजे माणूस एक, पगार 25,000, आणि दोन डोनर मिळून भरतात 35,000. दादांना एक रुपया जास्त मिळालेला नाही. वर्षाचे 1,20,000 संस्थेच्या सर्वसाधारण खात्यात साचले, त्यातून ऑफिसचं भाडं वगैरे गेलं. संस्थाचालकांना यात गैर वाटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, डोनर भाड्याला पैसे देत नाहीत, मग कुठून आणायचे? त्यांची अडचण खरी आहे. पण एकच खर्च दोघांकडून वसूल करणं हे डोनरच्या नजरेत सगळ्यात गंभीर. यासाठी अख्खं अनुदान परत मागितल्याची उदाहरणं आहेत.

आता कापायचे कुठून? या प्रकल्पातून की त्या? त्याचं उत्तर दादांच्या टाइमशीटमध्ये. महिन्यात किती दिवस अभ्यासिकांवर, किती दिवस पोषणावर. टाइमशीट 60-40 सांगत होती. त्यामुळे पोषणवाल्यांचे 40 टक्के बरोबर, आणि आपल्या प्रकल्पात 60 टक्केच, म्हणजे 1,80,000 मान्य. जादा टाकलेले 1,20,000 सर्वसाधारण खात्यातून परत प्रकल्पाच्या खात्यात भरायचे.

बिलांच्या बाबतीत हाच प्रकार टाळायला एक साधा उपाय आहे, रबरी शिक्का. ‘अमुक प्रकल्प, अमुक ओळ, इतकी रक्कम खर्ची टाकली.’ मूळ बिलावर मारायचा, झेरॉक्सवर नाही. एकदा शिक्का बसला की तेच बिल दुसऱ्या डोनरच्या फायलीत जाऊ शकत नाही. या संस्थेत शिक्का होता, ड्रॉवरमध्ये होता.

तर शेवटचा हिशेब. खर्ड्यातले 21,83,200, त्यातून शिबिराचे 42,000, पुस्तकांचे 1,30,000 आणि पगाराचे 1,20,000 काढले. उरला मान्य खर्च 18,91,200. जमा व्याजासकट 22,18,400. न वापरलेली रक्कम 3,27,200. खर्डा सांगत होता 16,800, त्याच्या जवळजवळ वीसपट.

आणि हा आकडा नुसता कागदावर सोडायचा नसतो, तो कुठे आहे ते दाखवायचं असतं. बँकेत 35,200. दुकानदाराकडे अॅडव्हान्स 1,30,000. संस्थेने प्रकल्पाला देणं असलेले 42,000 आणि 1,20,000, म्हणजे 1,62,000. करा बेरीज, 3,27,200 येते. ही बेरीज जुळल्याशिवाय मी सहीचं पेन काढत नाही.

संस्थाचालक घाबरले होते. एवढी शिल्लक बघून कंपनी पुढचा हप्ता थांबवेल असं त्यांना वाटलं. मी त्यांना एक पत्र जोडायला सांगितलं, प्रत्येक फरकाचं कारण लिहून, पाचव्या शिबिराची हजेरी सोबत लावून. यूसी 24 एप्रिलला गेली. कंपनीने 42,000 ना मे महिन्यात लेखी मंजुरी दिली. पुढचा हप्ता शिल्लक रक्कम वजा करून दिला, म्हणजे पैसे कापले नाहीत, आधीचे आधी वापरा म्हणाले. ताईंचं एप्रिलचं मानधन दहा दिवस उशिरा झालं. 1,20,000 संस्थेने तीन हप्त्यांत भरले, आणि ते त्यांना जड गेलं, हेही खरं.

या कागदाच्या मर्यादाही सांगते. यूसी सांगते की पैसे ठरल्या ओळीत गेले. मुलांना वाचता यायला लागलं का, हे ती सांगत नाही, आणि ऑडिटरला तसं विचारूही नका. दुसरं, मोठ्या प्रकल्पात आम्ही प्रत्येक बिल बघत नाही, नमुना निवडून बघतो. दुकानदार आणि संस्था दोघं मिळून नीट खोटं करायचं म्हणाले, तर ते एखाद वेळी निसटू शकतं.

आता तुमच्या फोनवर करता येण्यासारखं एक काम. सीएने दिलेल्या यूसीवर 18 अक्षर-अंकांचा यूडीआयएन असायलाच हवा. 1 फेब्रुवारी 2019 पासून प्रमाणपत्रांना तो सक्तीचा आहे. त्यातले पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे सहा त्या सीएचा सभासद क्रमांक. udin.icai.org वर जाऊन तो टाकला की ते प्रमाणपत्र खरंच त्या सीएने दिलंय का ते कळतं, आणि त्याने नोंदवलेले आकडेही दिसतात. कागदावर 21 लाख आणि तिथे 18 लाख असं दिसलं, तर सहीनंतर कोणीतरी कागद बदललाय. डोनरकडे काम करणाऱ्यांनी हे दरवेळी करावं. दोन मिनिटं लागतात.

आणि मेसेज पाठवणाऱ्या मित्रा, तुझ्यासाठी: सरांशी वाद घालू नकोस. आधी करार काढ आणि ओळींमध्ये सरकवण्याची टक्केवारी कुठे लिहिली आहे त्यावर खूण कर. 31 मार्चचं बँक स्टेटमेंट काढ, व्याजाच्या नोंदी वेगळ्या लिही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली सगळी बिलं बाजूला घे आणि प्रत्येकाला माल आल्याचं चलन लाव. ज्याला चलन नाही ते अॅडव्हान्समध्ये. तेवढं घेऊन सीएकडे जा. आणि शिक्का ड्रॉवरमध्ये असेल तर बाहेर काढ.